आखाजी, गालावरचा वांग आणि एक अर्धवट पत्र

प्रश्न: आम्ही पारोळा तालुक्यातले. लेक साडेपाच महिन्यांची आहे. बायकोच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी वांग आलाय, डोळ्यांखाली काळं झालंय, विंचरताना कपाळावरचे केस हातात येतात. लेक रात्री तीन-चारदा उठते. माझी आई सहज म्हणाली, ‘तुना तोंडले काय व्हयनं वं?’ तेव्हापासून ही आरशाकडे पाठ करून वेणी घालते. आखाजीला शिरपूरला माहेरी जायचं नाही म्हणते. मावसबहिणीने दिलेली गोरं करायची ट्यूब तीन आठवडे लावतेय. मी म्हटलं, ‘तू तर पहिल्यासारखीच दिसतेस’, तर दोन दिवस बोलली नाही. तोंडाने बोलायला गेलो की माझं चुकतं, म्हणून पत्र लिहायला घेतलंय : ‘तू अजूनही लग्नातल्या फोटोसारखी सुंदर आहेस. मला काहीच फरक पडत नाही.’ पुढे सुचत नाही. हसताना तिची डावी भुवई आधी वर जाते, ती अजून तशीच जाते, पण असलं कुणी पत्रात लिहितं का? मी सकाळी साडेसातला कामाला निघतो, सहाला घरी येतो.

उत्तर:

लिहितात. तुमच्या मजकुरात कामाचं वाक्य तेवढं एकच आहे. बाकीची दोन खोडा.

लग्नातल्या फोटोचं नाव काढलंत की ती तो फोटो आणि आरसा शेजारी ठेवणार, आणि त्यात हरणार. ‘फरक पडत नाही’ याचा अर्थ तिच्या कानाला ‘मी बघतच नाही’ असा लागतो. तिला दिसणारी गोष्ट तुम्ही नाही म्हणालात, म्हणून ती दोन दिवस गप्प बसली. गालावर डाग आहेत हे तिला पक्कं माहीत आहे. आता एकतर तुम्हाला ते दिसत नाहीत किंवा तुम्ही खोटं बोलताय, आणि दोन्हींत ती एकटीच पडते. म्हणून धीर द्यायचा तर आधी तिला जे दिसतंय ते तुम्हालाही दिसतंय हे कबूल करा. मग ते कशामुळे झालंय आणि किती दिवसांचं आहे ते सांगा, पण खरं तेवढंच. शेवटी तुम्ही काय करणार ते लिहा. ते लिहिण्याआधी तुम्हाला स्वतःला काही गोष्टी नीट कळायला हव्यात.

सगळ्यात आधी ती ट्यूब. खोका हातात घ्या आणि बारीक अक्षरातली घटकांची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. गोरं करायच्या बऱ्याच ट्यूबांत त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठरावीक दिवसांपुरतं द्यायचं हे औषध आहे, पण ते मेकअपच्या सामानासारखं हातोहात फिरतं. पहिल्या आठ-दहा दिवसांत चेहरा खरोखर उजळतो, आणि फसगत तिथेच होते. पुढे कातडी पातळ होत जाते. उन्हात गेलं की चुरचुरते, गालावर लाल बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, काहींना बारीक लव वाढते. लावणं थांबवलं की चेहरा लाल होऊन खाजतो, मग बाई घाबरून पुन्हा लावते. हे चक्र वर्षानुवर्षं चालवलेले चेहरे त्वचारोगाच्या ओपीडीत रोज येतात.

शिवाय तुमची लेक अंगावर पिते. हायड्रोक्विनोन कातडीतून बऱ्यापैकी शोषलं जातं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईने ते टाळायचं असतं. आणि लेक दिवसभर आईच्या गालाला गाल घासते, ते वेगळंच. ट्यूब आजच बंद करा. तीन आठवडेच झालेत, त्यामुळे काही दिवस थोडी लाली आणि खाज येईल, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरेल. आग वाढली, पुरळ आलं किंवा आठवड्यात कमी झालं नाही, तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची त्वचारोग ओपीडी गाठा. जाताना ट्यूब बरोबर न्या. ‘पिवळी ट्यूब होती’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

आता वांग. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना चेतवणारी संप्रेरकं वाढतात. त्याने गाल, कपाळ, वरचा ओठ इथल्या रंगपेशी जास्त रंग बनवतात, आणि आपल्याकडचं ऊन त्यात तेल ओततं. बाळंतपणानंतर संप्रेरकं खाली आली की बऱ्याच जणींचा वांग काही महिन्यांत ते वर्षभरात फिकट होतो. काहींचा थोडा उरतो. तुमच्या बायकोचा कुठला, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून पत्रात ‘पूर्णपणे जाईल’ असं वचन देऊ नका. नाव सारखं असलं तरी वांग्याचा आणि वांगाचा काही संबंध नाही. कुणी तिचं भरीत बंद करायला निघालं असेल तर ते तेवढं थांबवा.

लिंबू चोळणं, मसूर डाळीच्या पिठाने घासणं, टूथपेस्ट किंवा खायचा सोडा लावणं हे सगळं उलटं पडतं. घासल्याने कातडीचा दाह होतो, आणि दाह झाला की रंगपेशी आणखी रंग सोडतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर नवीनच काळा चट्टा उठतो. चालतं ते एवढंच की ऊन अडवायचं. तेही पुरतं अडवायचं. बाजारात साधं सनस्क्रीन मिळतं ते अतिनील किरण अडवतं, पण वांग साध्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो. त्यामुळे कातडीच्या रंगाचं, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं, एसपीएफ 30 किंवा जास्तीचं घ्या. दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला मिळून लागतात. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. निघण्याआधी वीस मिनिटं लावायचं आणि बाहेर असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. वर गडद रंगाचा, घट्ट विणीचा सुती स्कार्फ. पातळ ओढणीतून ऊन आरपार येतं.

आणखी काही लावायचंच असेल तर 15 ते 20 टक्के ॲझेलेइक ॲसिडची क्रीम अंगावर पाजताना चालते असं मानलं जातं, पण ती डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावी, आणि तिचा फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू करायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना तिचे गाल दाखवा. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी वांग परत येऊ शकतो.

केसांचं काळजीचं कारण नाही. गरोदरपणात जे केस गळायचे थांबले होते ते बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम गळतात. सहसा वर्षाच्या आत भरून येतात. कपाळाच्या कडेला बोटभर उभे, राठ केस दिसू लागले की समजा नवीन उगवलेत. ते तिला दाखवा. तेल बदलून त्याचा वेग वाढत नाही.

डोळ्यांखालचं काळं मात्र दोन गोष्टींचं मिश्रण असतं. तिथली कातडी फार पातळ. झोप तुटली की खालच्या रक्तवाहिन्या फुगून निळसर दिसतात आणि खालची पापणी सुजते. हा भाग झोपेने काही आठवड्यांत कमी होतो. घराण्यातच असलेला काळसरपणा झोपेने जात नाही. तिच्या आईच्या, बहिणीच्या डोळ्यांखाली पाहिलंत की अंदाज येईल.

चेहरा पांढुरका, ओठ फिके, पायऱ्या चढताना धाप लागत असेल तर रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज लोहाची एक गोळी घ्यायची असते, ती आशाताईंकडून मिळते. फडताळातल्या पट्ट्या मोजा. साडेपाच महिने झालेत, म्हणजे पंधरा-वीस गोळ्या उरायला हव्यात. शंभर उरल्या असतील तर त्या तिने घेतलेल्याच नाहीत. त्यावर भांडू नका. बहुतेक वेळा मळमळतं म्हणून सुटतात, रात्री जेवणानंतर घेतल्या की सोसतात. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नको, कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. शौच काळं होणं नेहमीचं आहे. एकदा हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासून घ्या. बाळंतपणानंतर काही जणींचं थायरॉइड बिघडतं. सुजलेला चेहरा, मरगळ आणि केसगळ अशी तिन्ही एकत्र दिसतात, आणि घरचे मात्र ‘झोप नाही ना’ म्हणून सोडून देतात.

आता तुमच्या हातातलं काम : तिला सलग झोप. एकूण आठ तास तुकड्यांत झोपलेली बाई सलग चार तास झोपलेल्या बाईपेक्षा जास्त थकलेली असू शकते, कारण दर दीड तासाला उठवलं तर गाढ झोप पुरी होत नाही. तुमच्या वेळा धरून एक मांडणी देतो. नऊ वाजता ती लेकीला पाजते आणि आतल्या खोलीत दार लावून झोपते. लेक तुमच्याजवळ पुढच्या खोलीत. नऊ ते एक तुमची पाळी. मग तुम्ही एक ते साडेसहा झोपा, तेवढ्यात कामाला जाता येतं.

या चार तासांत लेक एकदा भुकेने उठणार, बहुधा साडेअकराच्या सुमाराला. त्याला दोन वाटा आहेत. सोपी वाट अशी की लेकीला तिच्याकडे न्यायचं, तिने कुशीवर पडूनच पाजायचं आणि उठायचं नाही. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं तुमच्याकडे. दिवा लावू नका, बोलू नका. दुसऱ्या वाटेत तिने सकाळी, दूध जास्त असतं तेव्हा, हाताने पिळून काढायचं. स्टीलची वाटी-चमचा किंवा बोंडलं दहा मिनिटं उकळून घ्यायचं. या वयाच्या बाळाला एका वेळी साधारण 90 ते 120 मिली लागतं. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं असं सांगतात, पण आपल्याकडे आखाजीच्या दिवसांत रात्री दहालाही खोली त्याच्या वर असते. तेव्हा ते लगेच फ्रिजच्या आतल्या भागात ठेवा, दारात नको. तिथे चार दिवस चालतं. गरम करायला वाटी कोमट पाण्याच्या पातेल्यात धरा, गॅसवर चढवू नका. लेकीने उष्टं केलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर टाका.

पहिल्या तीन-चार रात्री मांडणी मोडेल. लेक वाटीला तोंड लावणार नाही, किंवा एक पाजणं चुकल्याने आईची छाती दुखून तीच बाराला उठेल. मग तिने आराम वाटेपुरतंच थोडं दूध पिळून काढावं, पूर्ण रिकामं करू नये, नाहीतर शरीर तेवढंच पुन्हा बनवतं. आठवडाभरात बसतं. छातीत लाल गाठ आणि ताप आला तर मात्र थांबू नका, दवाखान्यात जा. आणि तुम्हाला स्वतःला डुलकी येत असेल तर लेकीला छातीवर घेऊन सोफ्यावर टेकू नका. सपाट अंथरुणावर पाठीवर झोपवा. उशी, गोधडी तिच्या तोंडाजवळ नको.

तुमच्या आईंशी आधी बोलून घ्या. ‘बायको झोपलीय आणि पोरगा लेकरू सांभाळतोय’ हे पहिल्या रात्री घरात खटकणार. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटलं की बहुतेक घरांत चालतं. आणि आईंना तोंडावरून काही बोलू नका एवढंही तुम्हीच सांगायचं. ते तिच्यावर सोडू नका.

हे सुरू करून तीन रात्री गेल्या की मग पत्र द्या. आधी दिलंत तर ते नुसतं आश्वासन होईल. असं काही लिहिता येईल, तुमच्या शब्दांत बसवून घ्या :

‘तू आरशाकडे पाठ करून वेणी घालतेस ते मी पाहतोय. आणि त्या दिवशी मी म्हणालो की तू पहिल्यासारखीच दिसतेस, ते खोटं होतं. तुझ्या दोन्ही गालांवर डाग आलेत, डोळ्यांखाली काळं झालंय. मला दिसतंय. दिसत नाही म्हणालो ते चुकलं.

मी त्याची माहिती काढली. वांग गरोदरपणाच्या संप्रेरकांचा आहे, तू काही खाल्लंस किंवा केलंस म्हणून आलेला नाही. वर्षभरात बराच फिकट होतो, काहींचा थोडा राहतो. केस परत येतात, कपाळाच्या कडेला बारीक आलेही आहेत, बघ. डोळ्यांचं काळं बरंचसं झोपेचं असतं, आणि ती झोप एवढे महिने तू एकटीने दिली. आता नऊ ते एक माझे. हे मी लेक मोठी होईपर्यंत करणार, आखाजीपुरतं नाही.

ती ट्यूब पुन्हा लावू नकोस. तुला राग आला म्हणून नाही, तर तिच्यात औषध आहे आणि लेक तुझ्या गालाला गाल लावून झोपते म्हणून. पुढच्या आठवड्यात आपण दोघं रक्त तपासायला जाऊ, मी रजा टाकली आहे.

आई जे बोलली ते मी तिच्याशी बोललोय. पुन्हा होणार नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. हसताना तुझी डावी भुवई आधी वर जाते. लग्नाआधी बघायला आलो होतो तेव्हा मी तीच बघत होतो. काल लेकीने तुझं नाक धरलं तेव्हा ती तशीच वर गेली. मी दारात उभा होतो, तुला दिसलो नाही.’

‘बघायला आलो होतो’ हे खरं नसेल तर काढून टाका, तुमचं खरं जे असेल ते घाला. यात ‘सुंदर’ हा शब्द कुठेच नाही, आणि तो मुद्दाम घालूही नका. ‘आईपणाचं तेज आलंय’ असलं तर मुळीच नको. रात्री तीनला उठणाऱ्या बाईला तेज म्हटलं की ती थट्टा वाटते. पत्र हातात देऊन समोर बसू नका. उशीखाली ठेवा आणि कामाला जा. संध्याकाळी ‘वाचलंस का’ विचारू नका.

आखाजीचा निर्णय तिचा. जायचं ठरलं तर सकाळी सातच्या आतली एसटी धरा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर परत निघा. दुपारी झाडाखालचा झोका टाळायला सांगा, सावलीतही उजेड लागतोच. घरी तिच्या आईला आदल्या दिवशी तुम्हीच फोन करा : ‘तोंडावरून कुणी विचारू नका, वांग आहे, औषध चालू आहे.’ एवढं तिला स्वतःला सांगावं लागलं नाही, की निम्मं ओझं गेलं.

एक गोष्ट वेगळी ठेवून बघा. लेक झोपलेली असतानाही हिला झोप येत नाही, जेवण उतरत नाही, लेकीला घ्यावंसं वाटत नाही, ‘मी नसते तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलते, आणि असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय, तर ही चेहऱ्याची गोष्ट राहिलेली नाही. ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्याला औषध आहे, आणि अंगावर पाजताना चालणारी औषधंही आहेत. 14416 हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. फोन तुम्ही लावा आणि मग तिच्या हातात द्या. जीव द्यायची भाषा आली तर फोनवर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि तोवर तिला एकटं सोडू नका.